खुर्चीवरचा डोंगर

तुमच्याही घरी हे चालत असेल. मी लेकीला विचारते, "खुर्चीवरच्या कपड्यांच्या डोंगरावर ट्रेकला कधी जायचं?" ती म्हणते, "तुझं रील संपलं की!" दोघी हसतो. टोमणा कपड्यांना असतो आणि उलट मारायची तिलाही मुभा असते.

पण "तू जन्माची आळशी" म्हटलं, तेही मावशीसमोर, की तो पाणउतारा होतो. ओळखायचं कसं? उलट टोमणा आला तर ठीक. नुसतं "बरं" आलं, नजर फोनमध्ये गेली, दार लागलं, तर बोलणं लागलंय. तेव्हा "गंमत केली गं" म्हणू नका, त्याने मुलं जास्तच चिडतात. सरळ सांगा, "आठपर्यंत कपड्यांच्या घड्या कर."

आणि मुलांनो, आईच्या फॉरवर्डवर खुशाल हसा, तिच्या इंग्रजीवर नको.