रिकाम्या हॉलच्या फोटोत आधी माणसं

रिसेप्शनची सजावट ठरवताना कार्यालयाच्या रिकाम्या हॉलचा फोटो हातात येतो आणि सगळ्यांचे डोळे स्टेजमागच्या मोकळ्या भिंतीवर जातात. ती भिंत फुलांनी भरायची, एवढाच विचार मग उरतो. मला वाटतं, त्या फोटोत आधी माणसं उभी करावीत, फुलांचं नंतर बघावं. समजा, स्टेजच्या पुढच्या कडेलगत 2 फुटी फरशांची रांग दिसते. त्या 12 भरल्या, तर स्टेज 24 फूट रुंद. मोबाइलच्या रुंद लेन्समुळे कडेच्या फरशा ताणल्यासारख्या दिसतात, म्हणून फोटोवर पट्टी न ठेवता फरशा मोजाव्यात. उंचीसाठी 7 फुटी दार घ्यावं, पण ते स्टेजमागच्याच भिंतीत असेल तरच. जवळचं दार मोठं दिसतं आणि त्याच्या मापानं छत आहे त्यापेक्षा ठेंगणं निघतं.

या हिशेबानं छत 12 फूट आणि स्टेज 3 फूट निघालं, तर पडद्याला 9 फूट उरतात. वर तुळई असली तर 8. आता नवरा-नवरी आणि दोन्हीकडची मंडळी ओळीनं उभी राहिली, की खालचे साडेपाच फूट झाकले जातात. खुर्चीवर बसलेला पाहुणा खालून वर बघतो, त्यामुळे आणखी अर्धा फूट जातो. त्याला दिसतो तो वरचा जेमतेम 2 फुटांचा पट्टा आणि दोन्ही बाजूंच्या कडा. शेवंती, ऑर्किड, जे काही महाग असेल ते तिथे लावावं. यावर कुणी म्हणेल, अल्बममध्ये तर जोडप्याच्या मागचंच दिसतं. खरं आहे, पण जवळून काढलेल्या फोटोत दाट फुलांमुळे शालूची नक्षी हरवते. मागे एकरंगी, चुण्या घातलेलं कापड असलं तर चेहरे उठून दिसतात.

दाराशी तर चूक अधिक महाग पडते. 6 फुटी दुहेरी दाराच्या चौकटीत कमान बसवली आणि तिच्या खांबांनी प्रत्येकी दीड फूट घेतला, तर वाट उरते 3 फूट. आत येणारे आणि बाहेर पडणारे तिथे अडतात, पदर फुलांच्या तारेत गुंततात. कमान चौकटीबाहेर, भिंतीला धरून उभी करावी. त्याआधी बिजागऱ्या कुठे आहेत ते फोटोत मोठं करून पाहावं. दार बाहेर उघडत असेल तर खांब झडपांच्या वाटेत येता कामा नयेत. अत्तरदाणी आणि गुलाबपाण्याचं टेबलही दारापासून आत, एका अंगाला असावं.

मग फोटो कशाला, टेप घेऊन सरळ हॉलवरच जावं, असाही आक्षेप येईल. कापड कापण्याआधी टेप लावायलाच हवी. पण लग्नसराईत हॉल बहुधा दुसऱ्याच्या मांडवानं झाकलेला असतो. तुळई, प्लगची जागा आणि भिंतीचा मूळ रंग रिकाम्या हॉलच्या फोटोतच दिसतो. रंगाच्या बाबतीत मात्र फोटोवर विसंबू नये. तो दिवसा खिडक्या उघड्या ठेवून काढलेला असतो आणि रिसेप्शन असतं संध्याकाळी 7 नंतर. पिवळ्या दिव्याखाली पांढरी शेवंती मलईच्या रंगाची दिसते आणि जांभळं कापड काळपट. म्हणून कापडाचा तुकडा त्याच हॉलमध्ये, तेच दिवे लावून पाहिल्याशिवाय रंग पक्का करू नये.