फोडणी कशाची?

वर्गात "समजलं का?" असे मास्तराने कधी विचारू नये. ही गोष्ट मला अध्यापनाच्या पुस्तकांनी नव्हे, पोरांनी शिकवली. प्रश्न कानी पडताच चाळीसच्या चाळीस माना एकदम हलतात आणि दुसऱ्या दिवशी वह्या तपासताना मास्तर कपाळाला हात लावतो. त्यात पोरांची लबाडी नसते. 'हो' म्हटल्याने समोरच्याचे समाधान होत असेल, तर 'हो' म्हणून मोकळे व्हावे, एवढाच त्यांचा सरळ हिशेब. वीस वर्षे खडू झिजवून हे मला पुरते ठाऊक झाले होते. तरीही सातासमुद्रापलीकडच्या एका खानावळीत, आईला शेजारी बसवून, मी नेमका तसलाच प्रश्न विचारला आणि मिळालेले 'हो' पदरात बांधून निवांत जेवायला बसलो.

माझे धाकटे मेहुणे मेक्सिकोत, ग्वादालाहारा शहरात, संगणकाच्या एका कंपनीत नोकरीला होते. २०१९ साली धाकटीचे बाळंतपण मे महिन्यात आले. आई जाणार हे ठरलेलेच होते, आणि शाळेला सुटी असल्यामुळे तिला पोहोचवण्याची कामगिरी माझ्याकडे आली. आई माळकरी. गळ्यात तुळशीची माळ पडल्यापासूनच नव्हे, तर जन्मापासून तिने मांस, मासे, अंडे यांतले काही तोंडात घातलेले नाही. विमानातसुद्धा तिने दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी यांवर दोन दिवस काढले.

भाषेची तयारी मी आपल्या परीने केली होती. आमच्या शाळेत एक गोमंतकीय शिक्षक होते, त्यांच्या घरी पोर्तुगीजचा वारसा. ते म्हणाले, "मास्तर, पोर्तुगीज आणि स्पॅनिश या सख्ख्या बहिणी. एक आली की दुसरी आलीच म्हणा." त्यांनी मला कागदावर पंधरा-वीस शब्द लिहून दिले. त्यांत एक होता 'मांतैगा', म्हणजे लोणी.

आम्ही पोहोचलो त्याच रात्री धाकटीला दवाखान्यात न्यावे लागले. शस्त्रक्रिया झाली, मुलगी झाली, आणि चार दिवस दवाखान्यातच गेले. दुपारच्या जेवणासाठी मी आणि आई जवळच्या एका 'फोन्दा'त जाऊ लागलो. फोन्दा म्हणजे आपल्या घरगुती खानावळीसारखे ठिकाण. एका ठरीव किमतीत पातळ सार, मग भात, मग मुख्य पदार्थ, सोबत घेवड्याच्या दाण्यांची उसळ, मक्याच्या भाकऱ्या आणि फळाचे सरबत.

वाढणाऱ्या पोराला मी ऐटीत विचारले, "सिन कार्ने?" म्हणजे, मांसाशिवाय ना?

"सी, सी! सिन कार्ने!" पोरगा हसत म्हणाला.

मुख्य पदार्थ मी वर्ज्य केला. भात लालसर होता, टोमॅटोत शिजवलेला, त्यात मटार आणि गाजर. उसळ घोटून मऊ केलेली, वर तकाकी. तिच्याकडे बोट दाखवून मी आणखी चौकशी केली तेव्हा पोरगा म्हणाला, "कोन मान्तेका." मला केवढा आनंद झाला! पंधरा शब्दांतला एक तर जसाच्या तसा हाती लागला होता. मी आईकडे वळून सांगितले, "लोण्यावर परतली आहे, खुशाल खा."

आईने एक घास घेतला आणि म्हणाली, "अरे, चव किती आहे रे हिला! आपल्याला कधी सुचलं नाही उसळ अशी घोटायची." तिने दुसऱ्यांदा मागून घेतली. चारही दिवस आम्ही तिथेच जेवलो.

पाचव्या दिवशी मी भाजी आणायला सान हुआन दे दिओसच्या मोठ्या बाजारात गेलो. खाटकांच्या ओळीतून नाक दाबून जाताना एका दुकानापाशी पाय थबकले. वर डुकराच्या तळलेल्या कातडीचे मोठमोठे पापुद्रे टांगलेले, खाली तांब्याची कढई, आणि शेजारी पांढऱ्याशुभ्र, साजूक तुपासारख्या गोठलेल्या वस्तूच्या बरण्या. बरणीवर शब्द होता 'मान्तेका', आणि शब्दाशेजारी एका गुबगुबीत डुकराचे हसरे चित्र. माझ्या हातातली पिशवी तिथेच गळून पडायची बाकी राहिली.

घरी येऊन धाकटीला एकीकडे गाठले. ती पांढरीफटक पडली. "दादा, मान्तेका म्हणजे इथे डुकराची चरबी! लोण्याला मान्तेकिया म्हणतात. तिकडे अर्जेंटिनात लोण्यालाच मान्तेका म्हणतात, पण इथे नाही रे!" मग तिने भाताचेही सांगितले. तांदूळ आधी तेलात परततात, मग वाटलेला टोमॅटो घालतात आणि वर पाण्याऐवजी कोंबडीचे 'काल्दो', म्हणजे कोंबडी उकडलेले पाणी. मुख्य पदार्थासाठी कोंबडी उकडलेलीच असते, ते पाणी फेकायचे कोणी? आणि ते नसेल तर 'कोन्सोमे' नावाची कोंबडीच्या अर्काची भुकटी चमचाभर पडते.

"पण तो पोरगा तर सिन कार्ने म्हणाला!"

"खोटं नाही बोलला तो. 'कार्ने' म्हटलं की त्यांच्या डोळ्यांपुढे गाई-डुकराच्या मांसाचा तुकडा येतो. कोंबडी म्हणजे 'पोयो', ती निराळी. मग पाणी आणि चरबी तर त्याच्या ध्यानातही येणार नाही. तेल घातलंय का, असं कोणी विचारलं तर आपण जेवढा विचार करू, तेवढाच."

पुढे तिने दिलेले एक पुस्तक चाळले तेव्हा आणखी उलगडा झाला. घेवडा आणि मका त्या मातीतले. पण १५१९ साली स्पॅनिश लोक येऊन उतरले, त्याआधी त्या देशात आपल्याला माहीत असलेले पाळीव डुक्कर नव्हते. त्यामुळे उसळीत चरबी ही मागून आलेली पाहुणी. मक्याची भाकरी मात्र अजून जुन्या रीतीचीच. मका चुन्याच्या पाण्यात शिजवायचा, वाटायचा, थापायचा आणि भाजायचा. तिला चरबी लागत नाही. गव्हाच्या पोळीत मात्र ती बहुधा मळलेली असते.

हे सगळे ज्ञान मला फार उशिरा झाले. धाकटी म्हणाली, "आईला सांगू नकोस. तिला सोसणार नाही." मीही मान हलवली. खरे सांगायचे तर मला ते सोयीचेच वाटले. तीन दिवस मी आईच्या नजरेला नजर देत नव्हतो.

मग धाकटीने माझी शिकवणी घेतली. तिचा पहिला धडा असा की 'यात अमुक आहे का' असे विचारायचे नाही, 'दोहोंपैकी काय' असे विचारायचे. "उसळ कशावर परतता, आसेइतेवर की मान्तेकावर?" म्हणजे तेलावर की चरबीवर. "भात कशात शिजवता, नुसत्या पाण्यात की काल्दोत?" 'पाण्यात' असे उत्तर आले तरी थांबायचे नाही, "आणि कोन्सोमे घालता का?" हे निराळे विचारायचे, कारण भुकटीला कोणी काल्दो समजत नाही. दुसरा धडा, वाढणाऱ्या पोराला नव्हे, चुलीपाशी उभ्या असलेल्या बाईला विचारायचे. तिने हे सारे एका कागदावर लिहून दिले. माझा प्रश्न वर्गात मला केव्हाच कळलेला होता. तो पानावर बसून विचारता आला नाही, एवढेच.

आठव्या दिवशी मी आणि आई दुसऱ्या एका फोन्दात गेलो. चूल समोरच होती. मी कागद हातात धरून स्वयंपाकीणबाईंना पहिला प्रश्न विचारला, "आसेइते ओ मान्तेका?"

"मान्तेका," बाई अभिमानाने म्हणाल्या.

मी घाईघाईने हात हलवून नको म्हटले. आईने माझ्याकडे पाहिले.

"अरे, मान्तेका म्हणजे लोणी ना? मग नको का म्हणतोस?"

तो शब्द तिने लक्षात ठेवला असेल हे माझ्या स्वप्नातही नव्हते. मला काही बोलता येईना. मग मी सगळे सांगितले, बाजारातली बरणीसुद्धा. आई माळेचा मणी बोटात धरून बराच वेळ गप्प राहिली.

"पोटात गेलं ते अजाणता गेलं," ती अखेर म्हणाली. "त्याचं मी पांडुरंगाला सांगेन. पण तुला कळल्यावर तीन दिवस तू गप्प राहिलास, ते अजाणता नव्हे. ते तुझं तू बघ."

स्वयंपाकीणबाई हातात डाव घेऊन आमच्याकडे पाहत होत्या. आपल्या अन्नाला नावे ठेवली की काय, असा भाव तोंडावर. मी कागद उलटून त्यांच्यापुढे धरला. मागल्या बाजूला धाकटीने लिहिले होते की माझ्या आईचे हे व्रत आहे, तुमच्या 'मान्दा'सारखे. मान्दा म्हणजे देवीला बोललेला नवस. बाईंनी वाचले, आईच्या गळ्यातल्या माळेकडे पाहिले, आणि भिंतीवरच्या देवीच्या तसबिरीकडे बोट केले. दरवर्षी १२ ऑक्टोबरला सापोपानच्या देवीची स्वारी ग्वादालाहाराच्या मोठ्या देवळातून निघून तिच्या ठाण्याला परत जाते, आणि लाखो माणसे सोबत पायी चालतात. हे मला मागाहून धाकटीने सांगितले. आईला मात्र तिथल्या तिथे कळले असावे. तिने तसबिरीला हात जोडले.

बाई आत गेल्या आणि एक मातीचे मडके उचलूनच घेऊन आल्या. झाकण काढून एकेक जिन्नस बोटांवर मोजून दाखवला. घेवडा, पाणी, कांदा, मीठ, आणि 'एपासोते' नावाच्या उग्र वासाच्या पाल्याची एक डहाळी. यातलीच उसळ पुढे चरबीवर घोटतात. ही त्याआधीची, मडक्यातली. भाताचे विचारले तेव्हा त्यांनी स्वतःच मान हलवली, "काल्दो." तो सकाळीच शिजलेला, त्याला इलाज नव्हता. फड्या निवडुंगाची कोवळी पाने त्यांनी भाजून दिली, तीही मांस परतायच्या तव्यावर नव्हे, भाकऱ्यांच्या तव्यावर. चीजमध्ये दूध विरजायला काय घातले आहे, हे काही बाईंना सांगता येईना. आई म्हणाली, "राहू दे. जे तिला ठाऊक नाही ते नको."

त्या दिवशी आई पोटभर जेवली. उसळ पहिल्याइतकी चविष्ट नव्हती, हे तिने स्वतःच कबूल केले. पुढची एकादशी तिने निर्जळी केली, आणि का, ते धाकटीलाही सांगितले नाही. मीही त्या दिवशी तिच्याबरोबर उपाशी राहिलो. तिने पाहिले, पण नको म्हटले नाही.

आता आम्ही घरी आहोत. दर घेवड्याच्या उसळीला आई पानावरून हाक मारते, "काय रे, फोडणी कशाची?" मी स्वयंपाकघरातून तेलाचा डबाच उचलून आणतो आणि तिच्यापुढे धरतो. ती डबा नीट न्याहाळते, मग हसते आणि पहिला घास घेते.