माझ्या आधी पोचणारी

उन्हाळ्यात जर्मनीतल्या एखाद्या एजन्सीत सकाळी नवाला कुणी मराठीचा अनुवादक शोधायला बसतं, तेव्हा जयपुरात दुपारचे साडेबारा वाजलेले असतात आणि मी पोळ्या लाटत असते. त्याच्यापुढे ती उभी असते. अनुवादकांच्या ऑनलाइन बाजारपेठेतली माझी प्रोफाइल. अंगावर चार ओळी: एक भाषांची, एक विषयांची, दोन भरवशाच्या. माझ्याबद्दल ती जेवढं सांगेल तेवढ्यावरच समोरचा माणूस ठरवतो, आणि पुढच्या नावाकडे जायला त्याला काही सेकंद पुरतात. म्हणून तिच्या तोंडी जास्तीचा एक शब्द गेला की मला धास्ती वाटते.

पहिली ओळ ती बाणानं बोलते: `English > Marathi`, `Hindi > Marathi`. बाण एकाच दिशेचे आहेत. मराठीतून इंग्रजीत का करत नाहीस, असं घरचेही विचारतात. मी पाचूचं उदाहरण देते. पाचूत जन्मतःच बारीक चिरा असतात. त्या दिसू नयेत म्हणून खड्यात तेल मुरवतात. हे मराठीत लिहिताना ‘पाचूला तेल लावलेलं आहे’ असं माझ्या हातून गेलं, तर पुढच्याच क्षणी कान टोचतो. तेल लावतात केसांना. इथं ते चिरांत भरलेलं आहे. इंग्रजीत लिहिताना अशीच चूक झाली, तर मला कुणी टोचणार नाही. वाचून समजणं आणि लिहिताना खटकणं या दोन वेगळ्या ताकदी आहेत, आणि दुसरी माझ्याकडे फक्त मराठीत आहे.

जयपुरात बसून हे लिहिताना पंडित जगन्नाथ सम्राटांची आठवण येतेच. ते मूळचे मराठी होते असं मानतात. सवाई जयसिंहांच्या पदरी असताना ते अरबी शिकले. युक्लिडची भूमिती त्यांनी नासिरुद्दीन तूसीच्या अरबी पाठावरून संस्कृतात आणली, तो ‘रेखागणित’ हा १५ अध्यायांचा ग्रंथ. टॉलेमीचं ज्योतिषही त्यांनी त्याच वाटेनं संस्कृतात नेलं. आजच्या भाषेत त्यांची प्रोफाइल दीड ओळीची झाली असती: अरबीतून संस्कृतात, भूमिती आणि ज्योतिष. परकी भाषा मुद्दाम शिकायची आणि लिहायचं मात्र जिच्यात आपण मुरलो तिच्यात, हा बाण तेव्हाही याच दिशेचा होता.

दुसरी ओळ विषयांची. सुरुवातीला तिथं मी सात विषय भरले होते: कायदा, वैद्यक, पर्यटन, शिक्षण, जे सुचलं ते. त्या ओळीवर भरवसा ठेवून एकानं हिंदीतली एका संस्थेची नियमावली पाठवली. त्यात वाक्य होतं, ‘नियमों में संशोधन का अधिकार आमसभा को होगा’. मी लिहिलं, ‘नियमांविषयी संशोधन करण्याचा अधिकार आमसभेला राहील’. हिंदीत संशोधन म्हणजे दुरुस्ती. मराठीत ते ग्रंथालयात आणि प्रयोगशाळेत चालतं. माझ्या वाक्यानं सभासदांच्या हातून नियम बदलण्याचा हक्कच काढून घेतला होता. तपासणाऱ्या बाईंनी चूक पकडली आणि ‘नियमांत दुरुस्ती करण्याचा अधिकार सर्वसाधारण सभेला राहील’ असं सरळ करून दिलं. मला शब्द माहीत नव्हता असं नाही. कायद्याचा मजकूर रोज वाचणाऱ्याचं बोट ज्या जागी आपोआप थांबतं, तिथं माझं थांबलं नाही. दोन्ही भाषांत एकाच रूपाचा शब्द आला की धोका वाढतो, कारण तो अनुवाद मागतच नाही, तसाच पलीकडे चालत जातो. त्याच रात्री मी प्रोफाइलमधून कायदा काढला. मग एकेक करत बाकीचेही. आता दोन उरलेत: रत्नं आणि दागिने.

हे मात्र मी जयपुरात राहून कमावलेलं आहे. जौहरी बाजाराच्या गल्ल्यांत पैलू पाडणाऱ्यांच्या चाकाशेजारी बसून मी शब्द गोळा केले. हिंदीतला पन्ना म्हणजे आपला पाचू, मूंगा म्हणजे पोवळं, लहसुनिया म्हणजे लसण्या, एवढं कोशातही मिळतं. कोशात न मिळणारं प्रमाणपत्रात भेटतं. नीलमाच्या तपासणीच्या कागदावर एक ठरलेलं वाक्य असतं: `No indications of heating`. रंग खुलवण्यासाठी नीलम तापवतात आणि न तापवलेल्याचा भाव बराच चढा असतो. या वाक्याचं ‘खडा तापवलेला नाही’ असं मराठी करायचा मोह होतो. वाक्य छान, छोटं, ठाम होतं. पण प्रयोगशाळा तसं म्हणत नाही. सूक्ष्मदर्शकाखाली तापवल्याच्या खुणा आढळल्या नाहीत, एवढंच ती म्हणते. कमी तापमानाला तापवलेल्या खड्यात खूण राहतेच असं नाही, म्हणून तिनं शब्द मोजून वापरले आहेत. मी ‘तापवलेला नाही’ लिहिलं की तिनं न दिलेली हमी गिऱ्हाइकाला मी देऊन बसते. ‘तापवल्याच्या खुणा आढळल्या नाहीत’ हे लांबट वाटलं, तरी तेच बरोबर आहे. प्रोफाइलमधल्या ‘रत्नं’ या एका शब्दाचा अर्थ माझ्या लेखी इतका आहे.

उरल्या दोन ओळी, भरवशाच्या. आधी तिथं ‘विश्वासू, वेळेची पक्की’ असं होतं. पण हे सगळेच लिहितात, त्यामुळे वाचणाऱ्याची नजर त्यावरून घसरते. आता मी आकडा लिहिते: रोज २,००० शब्द, त्यात दुसरं वाचन धरून. आकड्याला धरता येतं, त्यावरून मला जाब विचारता येतो. त्याच ओळीत वेळही भारतीय घड्याळाची आहे. कुणी ‘शुक्रवारी पाचपर्यंत’ म्हणालं की कुठले पाच, हे मी आधी विचारते. बर्लिनचे पाच म्हणजे इथले उन्हाळ्यात साडेआठ आणि हिवाळ्यात साडेनऊ; घड्याळं बदलतात त्या आठवड्यात हमखास गोंधळ होतो.

शेवटची ओळ सगळ्यांत छोटी: ‘शंका असेल तर विचारते.’ एका मैत्रिणीनं काढायला सांगितली होती, कच्चेपणा दिसतो म्हणाली. मी ठेवली. दोन-तीन हजार शब्दांच्या मजकुरावर एकही प्रश्न आला नाही, तर अनुवादकाला सगळं कळलं आहे यापेक्षा तो अडला तिथं अंदाजानं पुढे गेला, हीच शक्यता मला जास्त वाटते.

आज दुपारी या ओळीनंच एक काम आणलं. इथल्याच एका व्यापाऱ्याची हिंदी यादी, पुण्यातल्या गिऱ्हाइकासाठी मराठीत हवी आहे. छपन्न खडे. वजन रत्तीत, मराठीत मात्र कॅरेट मागितले आहेत. जुनी रत्ती साधारण १२१ मिलिग्रॅमची, जौहऱ्यांची पक्की रत्ती साधारण १८२ची. कॅरेट म्हणजे २०० मिलिग्रॅम. पाच रत्तीचा पुष्कराज एका हिशेबानं तीन कॅरेटचा होतो, दुसऱ्यानं साडेचारचा. यादीत नुसतंच ‘रत्ती’ लिहिलं आहे. मी विचारलं आहे, कोणती. नावं, रंग, घाट सगळं करून झालं. उत्तर येईपर्यंत वजनाचा रकाना रिकामा ठेवला आहे.