घराच्या वयाचा हिशेब

नव्वदच्या दशकात नाशिकच्या ज्या कर सल्लागारांकडे मी उमेदवारी केली, त्यांच्या टेबलावरच्या काचेखाली एक टंकलिखित कागद असे. डावीकडे आर्थिक वर्ष, उजवीकडे एक आकडा. १९८१-८२ समोर १००, त्याखाली १०९, ११६, १२५... घर किंवा प्लॉट विकलेला माणूस समोर येऊन बसला, की सर विक्रीची किंमत विचारायच्या आधी विचारत, "घेतलं कधी?" आणि त्यांचं बोट त्या कागदावर सरकू लागे.

तो कागद तेव्हा नवाच होता. त्याआधी भांडवली नफ्यातून ठरावीक रक्कम आणि उरलेल्याचे ठरावीक टक्के सरसकट वजा व्हायचे. घर चार वर्षं सांभाळलेलं असो की चाळीस, वजावटीचा नियम तोच. १९९२च्या वित्त कायद्याने हे बदललं. खरेदीच्या वर्षाचा निर्देशांक खाली, विक्रीच्या वर्षाचा वर, आणि त्या पटीत खरेदीकिंमत वाढवायची. वाढवलेली किंमत विक्रीतून वजा करून जे उरेल तोच नफा, आणि कर त्याच्यावर. रुपया दर वर्षी थोडा झिजतो ही गोष्ट घरमालकाच्या बाबतीत सरकारने प्रथमच इतक्या स्पष्टपणे मान्य केली होती. सर हे समजावून सांगताना खुलत. समोरच्याला वाटत असायचं की आता मोठा फटका बसणार, आणि हिशेब पुढे सरकेल तसा त्याचा चेहरा सैल होत जायचा.

त्या हिशेबाने लोकांना कागद जपायला शिकवलं. पत्र्याच्या पेटीतून, कापडी पिशवीतून, कधी देवघराच्या खणातून कागद निघत. खरेदीखत, मुद्रांक शुल्काचं चलन, बिल्डरच्या हप्त्यांच्या पावत्या, फरशीचं बिल, वरचा मजला चढवला त्या ठेकेदाराच्या सहीचा कागद. सुधारणेचा खर्च ज्या वर्षी केला, त्या वर्षाच्या आकड्याने वाढवायचा असे. त्यामुळे प्रत्येक कागदावरची तारीख महत्त्वाची. तारखा लावता लावता घरचा इतिहास आपोआप बोलला जाई. "ही खोली थोरलीच्या लग्नाआधी काढली, म्हणजे चौऱ्याण्णव." मग कुणीतरी म्हणे, नाही, पंच्याण्णव. दोन्ही आकडे वेगळे, २५९ आणि २८१, म्हणून सर पावती सापडेपर्यंत थांबत. मला तो थांबण्याचा वेळ फार आवडायचा.

जुने वाडे आले की काम आणखी लांबे. १ एप्रिल १९८१ पूर्वीच्या मालमत्तेसाठी त्या दिवशीचा बाजारभाव खरेदीकिंमत म्हणून धरता येत असे. नोंदणीकृत मूल्यनिर्धारक येऊन वाडा मोजत, दुय्यम निबंधक कार्यालयात त्या काळचे शेजारचे व्यवहार शोधत आणि अहवाल देत. २०१७ साली पायाचं वर्षच २००१-०२ झालं आणि १००ची मोजणी तिथून नव्याने सुरू झाली. ज्यांनी १९८१चे अहवाल जपून ठेवले होते, त्यांना २००१चा भाव काढावा लागला. पुढे २०२०च्या कायद्याने त्या भावाला वरची मर्यादाही घातली: २००१चं मुद्रांक शुल्काचं मूल्य, म्हणजे आपल्याकडचा रेडी रेकनर, उपलब्ध असेल तर त्याहून जास्त भाव धरता येत नाही. हा २००१चा भाव आजही चालतो, हे मुद्दाम सांगतो. २०२४ मध्ये इंडेक्सेशन गेलं म्हणून आजोबांनी १९६० साली दिलेले चार हजारच वजा होतील, असं समजून बसलेली माणसं मला भेटतात. तसं नाही.

जुन्या पद्धतीची आठवण मी प्रेमाने काढतो, पण ती पूर्ण न्यायाची होती असं म्हणणार नाही. तो निर्देशांक ग्राहक किमतींच्या वाढीच्या फक्त ७५ टक्के धरून ठरत असे. महागाई आठ टक्के वाढली, तर घराची किंमत कागदावर सहाच टक्के वाढायची. शिवाय आकडा देशभर एकच. कुलाब्याचा फ्लॅट आणि भुसावळचं घर यांना तोच गुणाकार, कारण तो मोजायचा किराणा, भाडं, कपडे यांची महागाई, जागेच्या भावाशी त्याचा संबंध नव्हता. तरी घर किती वर्षं सांभाळलं याला त्या गणितात जागा होती.

२३ जुलै २०२४च्या अर्थसंकल्पात ती जागा काढली गेली. कराचा दर २० टक्क्यांवरून १२.५ टक्क्यांवर आला आणि इंडेक्सेशन संपलं. त्या आठवड्यात आमच्या ऑफिसचा फोन थांबत नव्हता. ओरड इतकी झाली की ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात विधेयकात दुरुस्ती आली: २३ जुलै २०२४ पूर्वी घेतलेल्या जमीन-इमारतीसाठी निवासी व्यक्तींना आणि हिंदू अविभक्त कुटुंबांना दोन्ही पद्धतींनी कर काढून कमी येईल तो भरता येईल. तेव्हापासून जुनं आणि नवं एकाच कागदावर शेजारी शेजारी मांडण्याचं काम मी करतो.

अलीकडचाच एक हिशेब सांगतो. ओळख पटू नये म्हणून आकडे गोल केले आहेत. वडिलांनी २००३-०४ मध्ये नाशिकरोडला फ्लॅट घेतला, मुद्रांक शुल्क आणि नोंदणीसकट सहा लाखांना. २०१२-१३ मध्ये दोन लाख खर्चून बाल्कनी आत घेतली, ओटा बदलला. २०२१ साली वडील गेले. २०२५-२६ मध्ये मुलगा आणि मुलगी यांनी मिळून फ्लॅट बेचाळीस लाखांना विकला. २००३-०४चा निर्देशांक १०९, २०१२-१३चा २००, २०२५-२६चा ३७६. वारसाने आलेल्या घरात गणना वडिलांच्या खरेदीच्या वर्षापासून होते. भेट म्हणून मिळालेल्या मुंबईच्या एका फ्लॅटच्या खटल्यात उच्च न्यायालयाने २०११ साली आधीच्या मालकाचं वर्ष मान्य केलं, आणि तेच तत्त्व इथे लागतं. नाहीतर मोजणी २०२१ पासून झाली असती आणि फायदा जवळजवळ नाहीसा झाला असता.

जुन्या पद्धतीने सहा लाखांचे झाले २०,६९,७२५, दोन लाखांचे ३,७६,०००. दोन्ही वजा जाता नफा १७,५४,२७५ आणि २० टक्क्यांनी कर ३,५०,८५५. नव्या पद्धतीने बेचाळीसातून सरळ आठ लाख गेले, नफा चौतीस लाख आणि कर ४,२५,०००. उपकर दोन्हीकडे वेगळा. म्हणजे जुनी पद्धत सुमारे चौऱ्याहत्तर हजारांनी हलकी पडली. हाच फ्लॅट गंगापूर रोडला असता आणि सत्तर लाखांना गेला असता, तर जुन्याने कर आला असता ९,१०,८५५ आणि नव्याने ७,७५,०००. भाव महागाईच्या बराच पुढे धावला की नवी पद्धत बरी पडते. या फ्लॅटच्या बाबतीत ती सीमा साधारण बावन्न लाखांवर येते. ज्यांची घरं जोरात वाढणाऱ्या भागात आहेत, त्यांना या बदलाने खरंच दिलासा दिला.

फ्लॅट विकणाऱ्या मुलीने, म्हणजे ताईंनी, बाल्कनीच्या कामाची बिलं आणली होती. ती नसती तर जुन्या पद्धतीने कर ७५,२०० रुपयांनी वाढला असता. नव्या पद्धतीत त्याच बिलांची किंमत पंचवीस हजार. माझ्या मते खरं नुकसान इथे दिसतं. तेरा वर्षांपूर्वी मोजलेले दोन लाख आज तेवढेच दोन लाख राहतात.

अडचण पुढे आली. भाऊ न्यू जर्सीला असतो. निवड करण्याची सोय फक्त निवासी व्यक्तीला असल्याने अर्ध्या हिश्श्यावर ताईंचा कर १,७५,४२७ झाला आणि त्याचा २,१२,५००. वडील तेच, खरेदीखत तेच, विक्री एकाच दिवशी. ताई म्हणाल्या, "अहो, त्याचंही घर हेच होतं ना?" मला याचं समाधानकारक उत्तर देता आलं नाही. कायदा मात्र स्वच्छ आहे. जुलै २०२४ पूर्वी परदेशस्थ मालकालाही जमीन-घराच्या विक्रीवर इंडेक्सेशन मिळत असे.

आणखी एक गोष्ट गुपचूप गेली. २०१३-१४ मध्ये तीस लाखांना घेतलेला फ्लॅट भाव न वाढल्याने छत्तीस लाखांना विकावा लागला, तर ३७६ भागिले २२० या पटीने त्याची किंमत होते सुमारे ५१ लाख २७ हजार. पूर्वी हा पंधरा लाखांचा तोटा दुसऱ्या दीर्घकालीन भांडवली नफ्यातून वजा होई, उरला तर आठ वर्षं पुढे नेता येई. आता जुन्या मालकाला त्या विक्रीवर कर पडत नाही, पण तोटा म्हणून तो कुठेच धरला जात नाही. ठाणे-पुण्याच्या बाहेरच्या टोकाला, रखडलेल्या प्रकल्पांत अडकलेल्यांना याचा चटका बसतो.

हल्ली नवं घर घेतलेली तरुण जोडपी येतात, त्यांच्यासाठी मी वेगळा हिशेब मांडतो. पन्नास लाखांचं घर, पंधरा वर्षं, महागाई आणि घराचा भाव दोन्ही वर्षाला पाच टक्क्यांनी वाढले असं धरू. विक्री सुमारे एक कोटी चार लाखांना होईल. त्या पैशांत तेव्हा येईल ते तेवढंच, जेवढं आज पन्नास लाखांत येतं, तरी कर पावणेसात लाखांच्या घरात. जुन्या नियमाने, त्या ७५ टक्क्यांच्या कमतरतेसकट, तो साडेतीन लाखांच्या आत राहिला असता. २३ जुलै २०२४ पासून पुढे घेतलेल्या घराला निवड नाही, म्हणून मी त्यांना सांगतो: मुद्रांक शुल्क, नोंदणी, ताब्यानंतर केलेल्या पक्क्या कामांची बिलं आणि ती बँकेतून चुकवल्याचा पुरावा वेगळ्या फाइलमध्ये ठेवा. फर्निचर, रंगकाम त्यात धरलं जात नाही, पण वाढवलेली खोली धरली जाते. गृहकर्जाचं जे व्याज दर वर्षी वजावट म्हणून घ्याल, ते २०२३च्या दुरुस्तीनंतर खरेदीकिंमतीत पुन्हा मिळवता येत नाही. आणि वडिलांच्या नावाचं जुनं घर विकायचं असेल, तर दोन्ही हिशेब करून घेतल्याशिवाय कर भरू नका.