लिस्ट पाठव ना!

पाऊस सुरू झाला की माझ्या मोबाइलवर ठरलेला मेसेज येतो, ‘तू मावळातली ना? लोणावळ्याजवळच्या जागांची लिस्ट पाठव ना!’ किती जागा, कुठल्या क्रमाने, प्रत्येकीबद्दल किती लिहायचं, याचा पत्ता नाही. गंमत म्हणजे आपण काही ठरवलं नाही तरी वाचणारा अर्थ लावतोच. पहिलं नाव म्हणजे बेस्ट, एका ओळीत उरकलं म्हणजे सोपं, आणि जे नाहीच ते बघण्यासारखं नसणार!

गेल्या पावसाळ्यात ऑफिसमधल्या मैत्रिणीने हेच मागितलं. मी एवढंच विचारलं, ‘कोण येणार आणि कशाने?’ उत्तर आलं, ‘आई आणि मी, रविवारी, लोकलने. आईचे गुडघे दुखतात.’ बस्स, लिस्ट तिथेच तयार झाली.

आधी आकडा. लोकलने जाऊन संध्याकाळी परतायचं, तर मळवली स्टेशनवर उतरून गाठता येतील अशा तीनच जागा दिल्या : भाजे लेणी, लोहगड, विसापूर. दहा दिल्या असत्या तर निवडायचं काम पुन्हा तिच्याच गळ्यात.

मग क्रम. फेमस म्हणाल तर लोहगड पहिला. 2025 मध्ये तो जागतिक वारसा यादीतही गेला. पण प्रश्न गुडघ्यांचा होता. म्हणून वरच लिहिलं, ‘क्रम चढाईचा आहे, सोप्याकडून अवघडाकडे. एका दिवसात एकच.’ हे लिहिलं नसतं तर विसापूर शेवटी म्हणजे सगळ्यात बोअर, असं तिला वाटलं असतं.

राहिला तपशील. तो सगळीकडे सारखा कशाला? भाज्याला एक ओळ पुरली : गावातून पायऱ्या आहेत, थांबत थांबत जमेल. लोहगडाला दोन : लोहगडवाडीपर्यंत गाडी जाते, पुढे पायऱ्याच पायऱ्या, ओल्या असल्या तर विंचूकाट्याचा हट्ट नको. सगळ्यात जास्त लिहिलं ते विसापूरवर. तिथली पायऱ्यांची वाट पावसात ओढाच होते. चढताना धमाल वाटते, पण उतरताना पाण्याखालची पायरी दिसत नाही. आईला नेऊ नकोस, असं स्पष्ट लिहिलं.

शेवटी एक ओळ गाळलेल्या जागेची. ‘भुशी डॅम मुद्दाम घेतलेला नाही. 30 जून 2024 ला त्याच्या मागच्या धबधब्यात एकाच कुटुंबातले पाच जण वाहून गेले. पाणी अचानक वाढतं.’ ही ओळ नसती तर ‘हिला भुशी आठवलाच नाही’ म्हणत दोघी तिकडेच वळल्या असत्या.

त्या दोघी भाज्याला जाऊन आल्या. विसापूरसाठी मैत्रीण आता हिवाळ्याची वाट बघतेय, आईशिवाय!