टेबलापलीकडून वाचलेला अर्ज

माहितीच्या अधिकाराचा अर्ज पहिल्यांदा जन माहिती अधिकारी वाचतो, असा अर्जदारांचा समज असतो. प्रत्यक्षात तो आधी आवक विभागातला लिपिक वाचतो आणि कोणत्या टेबलाकडे पाठवायचा ते ठरवतो. मग त्या टेबलावरचा कर्मचारी वाचतो, आणि वाचताना त्याच्या मनात एकच विचार चालू असतो: यासाठी कोणती फाईल काढावी लागेल? अर्जदाराच्या गल्लीतला खड्डा त्याने पाहिलेला नसतो. गेल्या आठवड्यात नळाला पाणी आलं नाही, हेही त्याला ठाऊक नसतं. समोर असतो तो फक्त कागद.

छत्रपती संभाजीनगरात असे अर्ज लिहून देणारे बरेच जण आहेत. प्रस्तुत लेखक त्यांच्यापैकीच एक. अर्ज पूर्ण झाला, सही तेवढी राहिली, की ही मंडळी एक काम आवर्जून करतात. तोच अर्ज त्या टेबलापलीकडच्या कर्मचाऱ्याच्या नजरेने पुन्हा वाचतात आणि त्याचं उत्तरही स्वतःच लिहून पाहतात. पाच मिनिटांत, कायद्यात बसेल असं आणि कमीत कमी माहिती देणारं. हे उत्तर जितक्या सहज सुचतं, तितका अर्ज कच्चा.

शहरातलाच विषय घेऊ. जायकवाडीहून पाणी आणणाऱ्या नव्या योजनेच्या जलवाहिन्यांसाठी जागोजागी रस्ते खोदले गेले. समजा, एका कॉलनीतल्या रहिवाशाने महापालिकेच्या जन माहिती अधिकाऱ्याला लिहिलं: ‘सिडकोतील आमच्या कॉलनीसमोरचा रस्ता मागच्या वर्षी पाइपलाइनसाठी खोदला. तो अजून दुरुस्त का केला नाही, याला जबाबदार कोण आणि किती खर्च झाला, याची संपूर्ण माहिती द्यावी.’

राहणाऱ्या माणसाला यात काहीच अस्पष्ट वाटत नाही. आता खुर्ची बदलून बघा. ‘सिडको’ म्हणजे वस्ती की सिडको हे महामंडळ? शहरातल्या सिडकोच्या वसाहती २००६ साली महापालिकेकडे हस्तांतरित झाल्या, पण वाळूजकडच्या महानगर भागात सिडकोने वेगळं काम केलं. बोलताना आपण दोन्हींना सिडकोच म्हणतो. ‘आमची कॉलनी’ कोणत्या झोनमध्ये? ‘मागच्या वर्षी’ म्हणजे जानेवारी ते डिसेंबर की आर्थिक वर्ष? खर्च कशाचा, वाहिनी टाकण्याचा की रस्ता पूर्ववत करण्याचा? शिवाय ही योजना राबवते महाराष्ट्र जीवन प्राधिकरण. म्हणजे बहुतेक कागद महापालिकेत नसणारच.

‘का केला नाही’ याला तर उत्तर देण्याची गरजच उरत नाही. डॉ. सेल्सा पिंटो विरुद्ध गोवा राज्य माहिती आयोग या प्रकरणात मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने २००८ साली सांगितलं की ‘का’ या प्रश्नाचं उत्तर माहितीच्या व्याख्येत येत नाही. कार्यालयाने नवं उत्तर तयार करून द्यावं किंवा नवीन मत बनवावं, असं कायदा सांगत नाही. अभिलेखात जे आहे ते द्यावं, एवढंच तो सांगतो. त्यामुळे आपल्या रहिवाशाला मिळू शकणारं पाच मिनिटांचं उत्तर तयार आहे: ‘मागणी मोघम आहे, प्रश्नार्थक माहिती देय नाही, उर्वरित भाग प्राधिकरणाकडे वर्ग.’

यातलं शेवटचं वाक्य त्यातल्या त्यात चांगलं म्हणायचं. कलम ६(३) प्रमाणे दुसऱ्या प्राधिकरणाचा विषय पाच दिवसांत तिकडे पाठवायचा असतो. पण तो अर्ज तिथे पोचतो ‘आमच्या कॉलनी’सकट, आणि तिथल्या टेबलावरही तेच प्रश्न पुन्हा उभे राहतात.

दुरुस्ती करताना पहिला मोह होतो तो सगळी हकीकत लिहून काढण्याचा. कधी खोदलं, कोण पडलं, किती तक्रारी केल्या. इथे महाराष्ट्राचा नियम आडवा येतो: २०१२ पासून अर्ज एकाच विषयाचा आणि साधारण १५० शब्दांचा असावा लागतो. आणि माहिती कशासाठी हवी हे सांगायची सक्ती कलम ६(२) करतच नाही. म्हणून समोरच्याला न कळणाऱ्या गोष्टींपैकी फाईल शोधायला लागतील तेवढ्याच लिहायच्या. अपघाताची हकीकत मनाला कितीही लागलेली असली, तरी तिच्यामुळे कपाटातला कागद सापडत नाही. ती तक्रारीच्या अर्जात जावी. तिथे तिचं वजन आहे.

अर्जाचे दोन भाग केले. महापालिकेकडे फक्त एवढं मागितलं: ‘सिडको एन-८ मधील अमुक दवाखाना ते तमुक शाळेचं फाटक, अंदाजे ३०० मीटर रस्ता. कालावधी १ एप्रिल २०२४ ते ३१ मार्च २०२५. जलवाहिनीच्या खोदकामासाठी परवानगी दिली असल्यास तिची अटींसह प्रत. हा रस्ता पूर्ववत करण्याबाबत जीवन प्राधिकरणाशी झालेल्या पत्रव्यवहाराच्या प्रती.’ प्राधिकरणाकडे वेगळा अर्ज: या कामाचा कार्यारंभ आदेश, निविदेतील रस्ता पूर्ववत करण्यासंबंधीच्या अटी, आणि याच लांबीच्या मोजमाप पुस्तिकेतील नोंदींच्या प्रती.

‘जबाबदार कोण’ हा प्रश्न गेला, पण त्याचं उत्तर गेलं नाही. कार्यारंभ आदेशावर कंत्राटदाराचं नाव असतं आणि मोजमाप पुस्तिकेत नोंद घेणाऱ्या अभियंत्याची सही असते. ‘का’चं कारण कुणी लिहून ठेवलं असलंच, तर ते पत्रव्यवहारात सापडेल. प्रत्येक ओळीसमोर आता एखादी फाईल किंवा नोंदवही उभी आहे. ‘मोघम’ म्हणायला जागा फारशी नाही.

हेच वाचन आणखी एका माणसाच्या जागेवरून करावं लागतं, आणि नेमकं तेच बहुतेक जण विसरतात. उत्तर आलं नाही किंवा अर्धवट आलं, तर तीस दिवसांत पहिलं अपील, त्यानंतर नव्वद दिवसांत राज्य माहिती आयोगाकडे दुसरं. अपील ऐकणारा अर्ज आणि उत्तर शेजारी ठेवून वाचतो. मधल्या काळात झालेलं बोलणं, फोन, ‘साहेबांना माहीत आहे’ यातलं त्याच्यासमोर काहीच नसतं. ‘पूर्वीच्या अर्जात म्हटल्याप्रमाणे’ असं लिहिलं, तर तो पूर्वीचा अर्ज कुठून आणणार? म्हणून त्याची तारीख लिहावी आणि प्रत जोडावी.

या वाचनाची एक मर्यादाही आहे. पलीकडच्या खुर्चीत जास्त वेळ बसलं, की माणूस तिथल्या सोयीने विचार करू लागतो. ‘हे ते देणार नाहीत’ म्हणून चांगला प्रश्न स्वतःच गाळून टाकतो. तसं करू नये. नकार द्यायचा की नाही, कोणत्या कलमाखाली द्यायचा, हे अधिकाऱ्याचं काम आहे. नकाराचं कारण लेखी देणं त्याच्यावर बंधनकारक आहे, आणि ते कारण अपिलात तपासता येतं. आपण फक्त न समजण्याचं कारण शिल्लक ठेवायचं नाही.

आपल्याच मजकुरात काय राहिलं हे आपल्याला दिसत नाही, म्हणून सही करण्याआधी अर्ज दुसऱ्या वस्तीतल्या, विषय माहीत नसलेल्या माणसाच्या हाती द्यावा. ‘समजलं का?’ असं विचारू नये, कारण तो हो म्हणणार. ‘तू कारकून असतास तर कोणती फाईल काढली असतीस?’ असं विचारावं. तो जिथे अडखळेल तिथे पेन्सिलने खूण करावी.

आणि अर्ज देताना दुसऱ्या प्रतीवर तारखेसह आवक शिक्का घ्या. उत्तरासाठीचे तीस दिवस अर्ज मिळाल्याच्या तारखेपासून मोजले जातात, लिहिल्याच्या नव्हे.