राउंडची नोंद

आमच्या जनवाड्याकडे दुखणं तारखेनं सांगत नाहीत. ‘येळवशीपासून खोकला आहे’ म्हणतात. त्या येळवशीची, म्हणजे वेळ अमावस्येची, तारीख काढून ती कागदावर उतरवायची, हे मी वॉर्डात आल्यावर शिकलो.

निवासी डॉक्टर असताना केसपेपरवर रोज दिसायचं ते ‘सीएसटी’, म्हणजे तेच उपचार चालू ठेवा. रुग्ण सुधारतोय की बिघडतोय, हे त्यातून रात्रपाळीला कळत नसे. पुढे लॉरेन्स वीड यांचा १९६८चा लेख वाचला. रुग्णाच्या समस्यांना क्रमांक द्या आणि प्रत्येकीपुढे निष्कर्ष व योजना लिहा, एवढंच त्यांचं म्हणणं. माझी नोंद तेव्हापासून तशी झाली.

साठीतल्या एका शेतकरी काकांचा न्यूमोनियाचा तिसरा दिवस घ्या. पहिली समस्या उजव्या फुप्फुसाच्या खालच्या भागातला न्यूमोनिया. ताप उतरलाय, श्वास मिनिटाला ३२वरून २६वर आलाय. सेफ्ट्रिॲक्सोनचा आज तिसरा दिवस, म्हणून तेच चालू. ताप पुन्हा चढला तर छातीत पाणी किंवा पू झालाय का, हे सोनोग्राफीनं बघायचं. दुसरी मधुमेह, संसर्गानं साखर चढलीय, इन्सुलिन चालू. तिसरी, अंगातलं पाणी कमी झाल्यानं वाढलेलं क्रिएटिनिन. सलाइन, लघवीचं मोजमाप, उद्या पुन्हा तपासणी. चौथी समस्या येळवशीनं दिली. न्यूमोनिया आठवड्याभराचा, पण खोकला तीन आठवड्यांचा आणि बिडी जुनी. दोन आठवड्यांवरच्या खोकल्याला थुंकीची टीबीसाठी तपासणी हवीच.

त्याखाली सिस्टरांसाठी सूचना. ‘व्हायटल्स बघा’ ही सूचना नव्हे. दर चार तासांनी ताप, नाडी, बीपी, ऑक्सिजन बघा. श्वास घड्याळ लावून पूर्ण मिनिट मोजा. डोक्याकडची बाजू उंच ठेवा. ऑक्सिजन ९२ ते ९६च्या दरम्यान राहील एवढाच द्या. बिडीनं श्वासनळ्या कायमच्या आखडलेल्या असतील तर ८८ ते ९२ पुरे. श्वास ३०च्या वर गेला, नळी लावूनही ऑक्सिजन ठरवलेल्या पातळीखाली घसरला, वरचं बीपी ९०च्या आत आलं किंवा काका असंबद्ध बोलू लागले, तर रात्री कितीही वाजता फोन करा.

चार्टवर श्वासाच्या रकान्यात ओळीनं वीस-वीस दिसले की समजावं, कुणी मोजलेले नाहीत. म्हणून राउंडला मी आधी स्वतः मोजतो आणि सिस्टरांच्या आकड्याशी ताडून पाहतो. बिघडत्या न्यूमोनियात श्वासाचा वेग बहुधा सगळ्यांत आधी वाढतो, आणि तो सांगणारं मशीन आमच्या साध्या वॉर्डात नाही.

काका जेवू लागले, ताप गेला, श्वास २०वर आला, की इंजेक्शनऐवजी गोळ्या. घरी जाताना पहिल्या तीन समस्यांपुढे निकाल लिहिता येतो. चौथीपुढे, थुंकीत टीबी सापडला नाही तरी, सहा आठवड्यांनी पुन्हा एक्स-रे असं लिहावं लागतं. बिडी ओढणाऱ्याच्या फुप्फुसातला डाग तोवर गेला नाही, तर त्यामागे गाठ नाही ना, हे शोधायचं असतं.